‘ई’ निगेटिव्ह म्हणजे कावीळ-बी निगेटिव्ह नव्हे

आमचं ग्रामीण रुग्णालय साखर कारखान्याच्या पट्ट्यात आहे. हंगामात ऊसतोडीला आलेल्या बायका इथे बाळंत होतात, पण त्यांच्या तपासण्या झालेल्या असतात गावाकडे. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी हातात येते ती एक चुरगळलेली फाईल आणि कुणीतरी घाईत लिहिलेली रेफर चिठ्ठी.

त्या दिवशीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह’. पहाटे 4.10 ला मुलगी झाली, वजन 2.4 किलो. रडली लगेच, दूधही ओढायला लागली. पाचच्या सुमारास नेहमीप्रमाणे हिपॅटायटिस बीचा जन्मडोस डाव्या मांडीत आणि व्हिटॅमिन के उजव्या मांडीत दिलं गेलं. जन्मडोस प्रत्येक बाळाला 24 तासांच्या आत द्यायचाच असतो, आईचा रिपोर्ट काहीही असो. म्हणून तिथवर कुणाचं काही अडलं नाही.

साडेसातला राउंडला मी फाईल उघडली. आत एका खासगी लॅबचा सातव्या महिन्यातला कागद होता. त्यावर तीन ओळी. एचबीईएजी: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. अँटी-एचबीई: रिअ‍ॅक्टिव्ह. एचबीव्ही डीएनए: 1,800 आययू प्रति मिली. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पहिली ओळ वाचली, ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ दिसलं आणि ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा झाला.

आजार आहे की नाही हे जी तपासणी सांगते आणि जिच्यावर बाळाचा निर्णय ठरतो ती एचबीएसएजी, शेवटून तिसरं अक्षर ‘एस’. ती या कागदावर नव्हतीच. ‘ई’वाली तपासणी विषाणू किती जोरात वाढतोय याचा अंदाज देते. आजार आहे की नाही, हे ती सांगत नाही. शिवाय एचबीईएजी आणि डीएनए कुणी उगाच करत नाही. आधी एचबीएसएजी पॉझिटिव्ह आल्याशिवाय डॉक्टर या महागड्या तपासण्या लिहीत नाहीत. त्या फाईलमध्ये असणं हाच इशारा असतो. आणि तिसऱ्या ओळीत 1,800 हा आकडा छापलेला होता. रक्तात विषाणू सापडला, मोजलाही, मग बाई निगेटिव्ह कशी?

सासूबाईंना विचारलं, पहिल्या रक्ततपासणीत काय सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, “कावीळ हाय म्हनले व्हते आधी. मंग मोठ्या डाक्टरनं कागद बघितला अन् म्हनला, गोळ्या लागत नाहीत. म्हंजी गेली असंल की!” गैरसमज कुठे सुरू झाला ते इथे कळलं. गरोदरपणात टेनोफोव्हिरची गोळी साधारणपणे डीएनए 2,00,000 च्या वर असेल किंवा एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल तर सुरू करतात. 1,800 ला ती लागली नाही, हे बरोबरच होतं. पण ‘गोळी नको’चं घरी ‘आजार गेला’ झालं आणि चिठ्ठीवर ‘निगेटिव्ह’ झालं.

आईचं रक्त काढून एचबीएसएजीची कार्ड टेस्ट लावली. इथे एक गोष्ट जपावी लागते: रक्त आईच्या शिरेतूनच घ्यायचं, नाळेचं नाही. नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं, त्यावरून बाळाबद्दल काहीच ठरवता येत नाही. कार्डवर कंट्रोलची रेघ ठळक आली, टेस्टची फिकट. फिकट रेघ ही रेघच. किटच्या कागदावर दिलेल्या वेळेतच वाचायची. तास-दीड तासाने उमटलेली रेघ धरायची नाही. ही वेळेत आली होती. रिअ‍ॅक्टिव्ह.

आता बाळाला इम्युनोग्लोब्युलिन हवं होतं. लस बाळाच्या शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, त्याला काही आठवडे जातात. बाळंतपणात आईच्या रक्तातून आलेला विषाणू तोवर थांबत नाही. इम्युनोग्लोब्युलिनमधून तयार प्रतिपिंडं मिळतात आणि मधली फट भरून निघते. जन्मानंतर 12 तासांच्या आत देणं उत्तम. उशीर झालाच तर सात दिवसांपर्यंत देतात, पण प्रत्येक तासागणिक त्याचा उपयोग कमी होत जातो. आमची मुदत दुपारी 4.10 ची.

आमच्या फ्रिजमध्ये ते नव्हतं. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या साठ्यातून जिल्हा रुग्णालयातून मागवलं. आणणाऱ्याला बजावलं की कुपी बर्फाला टेकू द्यायची नाही. 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठलं तर टाकून द्यायचं.

तेवढ्यात आमच्या एका तरुण सहकाऱ्याने रास्त प्रश्न काढला: एचबीईएजी निगेटिव्ह, डीएनए इतका कमी, लस तर दिलेलीच आहे, मग इम्युनोग्लोब्युलिनची धावपळ हवीच का? धोका कमी आहे हे खरं. काहीच दिलं नाही तर एचबीईएजी पॉझिटिव्ह आईच्या दहापैकी सात ते नऊ बाळांना लागण होते, निगेटिव्ह आईच्या बाळांत प्रमाण बरंच कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत ती कायमची राहते. आणि ‘ई’ निगेटिव्ह आयांच्या बाळांना पहिल्या काही महिन्यांत अचानक तीव्र यकृतदाह झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असली की ‘ई’ काहीही असो, दोन्ही द्यायचं. माझ्या मते इथे हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही.

कुपी दीड वाजता आली. लेबलवर 100 आययू, 0.5 मिली; पूर्ण कुपी स्नायूत. लेबल दरवेळी वाचावं, कारण वेगवेगळ्या ताकदीच्या कुप्या मिळतात. लस डाव्या मांडीत दिली होती, म्हणून हे उजव्या मांडीत, व्हिटॅमिन केच्या जागेपासून इंचभर लांब. लस आणि हे एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी कधीच नाही. टोचण्याआधी मांडी नीट पुसून घेतली. कातडीवर आईचं रक्त सुकलेलं असेल तर सुईबरोबर तेच आत जातं. अंगावरचं दूध या सगळ्यात एकदाही थांबवलं नाही, थांबवायचं कारणच नसतं.

याच्या उलट गोंधळही होतो. कागदावर फक्त अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण देणारी प्रतिपिंडं दाखवणारी तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह असतं आणि कुणी तरी ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ लिहून टाकतं. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे त्या बाईला लसीने किंवा जुन्या लागणीतून संरक्षण मिळालंय. तिच्या बाळाला जन्मडोस पुरतो.

डिस्चार्जच्या कार्डावर 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या, हिपॅटायटिस बीची लसही असलेल्या पेंटाव्हॅलंटच्या तारखा टाकल्या. ही टोळी तोवर कुठल्या फडावर असेल सांगता येत नाही, पण डोस कुठल्याही उपकेंद्रात मिळतो. बाळाच्या रक्ताची तपासणी नऊ महिने पूर्ण होण्याआधी कुणी करू नये असंही लिहिलं. इम्युनोग्लोब्युलिनमधली प्रतिपिंडं काही महिने रक्तात राहतात, त्यामुळे अँटी-एचबीएस लवकर केलं तर लस लागू झाल्याचा खोटाच भास होतो. नऊ महिन्यांनंतर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस दोन्ही एकत्र करायच्या: पहिली निगेटिव्ह आणि दुसरी 10 मिली-आययू प्रति मिली किंवा जास्त आली की बाळ सुरक्षित. पहिली निगेटिव्ह पण दुसरी 10 च्या खाली आली तर लसीचा आणखी डोस देऊन महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. ही ओळ मी कार्डावर गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसच्या रकान्याशेजारीच लाल पेनाने लिहिली, कारण नवव्या महिन्यात त्या लशीसाठी आई बाळाला घेऊन येतेच.