देवघराची खिडकी

सांगलीत विश्रामबागेच्या मागं धाकट्या भावाचं घर उभं राहतंय. परवा दुपारी बघायला गेले तर गवंडी जेवायला बसलेले आणि देवघराच्या जागी विटांचा ओटा रचलेला. खोली पाच बाय साडेसहा, अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात. ओट्यावर काहीतरी ठेवलं होतं. दारातून बघितलं तर नुसता काळा ठोकळा. डबा आहे का घमेलं, कळेना. जवळ गेल्यावर कळलं, थोरल्या गवंड्याचा स्टीलचा जेवणाचा डबा, चांगला घासून लख्ख केलेला.

डबा काळा दिसत होता, कारण त्याच्या बरोबर मागं तीन फुटी खिडकी होती. दुपारची वेळ, त्या बाजूला ऊन नव्हतंच. नुसतं आभाळ. पण डोळा आभाळाशी जुळवून घेतो आणि पुढची वस्तू काळी पडते. सकाळी आठला सूर्य समोर असताना काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

"अक्का, समदं शास्त्रापरमाणं हाय," गवंडी भाकरी मोडत म्हणाले. "देव पूर्वेच्या भिंतीला, बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला, खिडकी बी पूर्वेलाच."

शास्त्रात कुठंच चूक नव्हती. फक्त देव दिसणार नव्हता.

आमच्या कवठ्याकडच्या घरात देवघर म्हणजे माजघराच्या भिंतीतला कोनाडा. खिडकी नाहीच. वर कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून दहाच्या सुमाराला कवडसा उतरायचा. आधी तो फळीवरच्या तांब्यांवर पडायचा, मग सरकत सरकत जमिनीवर. आजी त्या कवडशावर स्वयंपाकाचं वेळापत्रक चालवायची. पूजेला बसली की तिच्या डाव्या हाताला समई आणि वरून हा उजेड, म्हणजे एक बाजूनं आणि एक वरून, समोरून कधीच नाही. पितळेचा बाळकृष्ण गालावर एका अंगानं उजळलेला असायचा, त्यामुळं त्याला नाक होतं, ओठ होते, थोडा खट्याळपणाही होता. आताच्या संगमरवरी देव्हाऱ्यात वरून पांढरा झोत सोडतात, त्यात बिचाऱ्याचा चेहराच सपाट होतो. आणि ते रंग बदलणारे दिवे! लाल, हिरवा, निळा. त्या दिव्यांखाली हात जोडताना मला कायम वाटतं, आपल्या मागं कुणीतरी तिकीट काढून रांगेत उभं आहे.

पूर्वेचा एवढा आग्रह धरणाऱ्यांना मी कोल्हापूरला पाठवते. अंबाबाई पश्चिमेला तोंड करून उभी आहे. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. दोन वेळा का, तर सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकतो आणि परत फिरतो. जाताना जिथं मावळतो तिथंच येताना मावळतो, दोन्हीकडं साधारण सहा आठवड्यांच्या अंतरावर. ज्यांनी ते बांधलं त्यांना दिशा म्हणजे चार अक्षरं नव्हती, वर्षभर हलणारा सूर्य होता. आता वाटेवरच्या इमारती कधीकधी ती किरणं अडवतात.

आपल्याकडं सांगलीतही सूर्य फक्त मार्चच्या आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीस तारखेच्या आसपास नेमका पूर्वेला उगवतो. जूनमध्ये तो चोवीस-पंचवीस अंश उत्तरेकडं असतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडं. त्यामुळं दिशा 'अगदी तंतोतंत' हवी म्हणून भाऊ मोबाइल घेऊन खोलीभर फिरत होता तेव्हा मला हसू आलं. कॉलमजवळ गेलं की आतल्या सळ्यांमुळं काटा भलतीकडं, खोलीच्या मध्ये आलं की परत वेगळा. शेवटी गच्चीवर एक काठी ओळंब्यानं सरळ रोवली, भोवती सुतळीनं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं तिथं एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकलं तिथं दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. पूर्वी वाडे, देवळं आखायची हीच रीत. प्लॉट आठ-नऊ अंश तिरका निघाला. भाऊ हिरमुसला. मी म्हटलं, राहू दे, देव तेवढी मान वळवतील.

मग खिडकीचं बघितलं. पूर्वेची खिडकी विटा भरून बंद करायची आणि उत्तरेच्या भिंतीत, देवांच्या बाजूला, नऊ इंच रुंद आणि तीन फूट उंच अशी उभी चीर ठेवायची. खाली दोन फूट सोडून, म्हणजे मांडी घातलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला उजेड मिळतो. माझी हौस होती की ती थेट कोपऱ्याला चिकटावी, पण कॉलम नऊ बाय पंधराचा आणि त्याची लांब बाजू नेमकी उत्तरेच्या भिंतीत. कॉलमला हात लावायचा नाही, म्हणून सहा इंच सोडली.

यातली खरी गंमत भिंतीच्या जाडीत आहे. भिंत नऊ इंची, काच बाहेरच्या अंगाला बसवायची. पाटावर बसलेल्या माणसाला मग काच जवळजवळ दिसतच नाही, खिडकीची आतली कड तेवढी उजळलेली दिसते. उजेड देवांमागच्या भिंतीवरून सरपटत जातो आणि दिव्याचं काम ती भिंतच करते. उन्हाळ्यात सकाळचं ऊन उत्तरेच्या बाजूला येतं खरं, पण इतकं तिरकं की ते कडेवरच अडतं. अट एकच, भिंतीला चुना किंवा बिनचकाकीचा रंग. ऑइलपेंट मारला की चकाकी आलीच, शिवाय अशा सरपटत्या उजेडात गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा दिसतो. हे ऐकून गवंड्यांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "म्हंजी गिलावा आमाला दोनदा घोटाय लागंल."

लागेलच.

संध्याकाळसाठी तीन वॅटचा, २७०० केल्विनचा एक बल्ब, ओट्याच्या पट्टीमागं, उघडा न दिसणारा. समईच्या बाजूला मिणमिणता वाटेल, वाटू दे. पंखा नको, ज्योत टिकत नाही. खाली सतरंजी हवी, कारण एवढ्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज चार भिंतींत खणखणतो. आणि दार भरीव लाकडाचं. पोकळ फ्लश डोअरमधून मिक्सर जसाच्या तसा आत येतो, दाराखालच्या फटीतून तर नक्कीच, म्हणून उंबरा ठेवायचा.

भावजय इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "अक्का, दाराला आतून कडी पण हवी."

"कडी? देवघराला?" भावानं विचारलं. "आत आहे काय चोरण्यासारखं?"

ती काही बोलली नाही. मला आजी आठवली. कोनाड्यापुढं बसलेली असायची आणि आम्ही सगळे मागून जात-येत विचारत असायचो: तिखटाचा डबा कुठाय, धोब्याचे किती, बंबात लाकडं घातली का. ती तोंडानं अथर्वशीर्ष म्हणत बोटानं दाखवायची. पंचावन्न वर्षांच्या संसारात तिला दार असलेली जागा मिळाली ती फक्त न्हाणीघर.

गवंड्यांना सांगितलं, कडी दणकट बसवा.