ती नुसती ‘बरं’ म्हणाली तेव्हा

सोमवार, रात्री

म्हातारा-म्हातारीच्या गोष्टीचा पहिला मसुदा आज बाजूला ठेवला. भांडणं जमली आहेत, आजारपण फसलं आहे. तिला हृदयविकाराचा झटका आणला होता. झटका आला की ती काचेपलीकडे आणि हा बाहेरच्या बाकावर. करायचं ते सगळं डॉक्टर करणार, याच्या हाताला काही कामच नाही. ज्याच्या हाताला काम नाही त्याची माया दाखवायची तर त्याला रडवावं लागतं. मग खुब्याचं हाड मोडून पाहिलं. त्यात काम भरपूर, पण बरं व्हायला महिने जातात आणि गोष्टीचा श्वास तेवढा लांब नाही.

हवा असा आजार, जो चार-आठ दिवसांत येतो, नीट पकडला तर तेवढ्यातच जातो आणि सगळ्यात आधी बोलण्यात दिसतो. सत्तरीच्या पुढची माणसं असलेल्या घरात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सोडियम कमी झालंय.’ तेच घ्यायचं.

मंगळवार

सांगली, वैशाख. तो अठ्ठ्याहत्तर, ती बाहत्तर. भांडणं दोनच ठेवली, मिठाचं आणि पंख्याचं. आधी सात होती, त्यात पेपरच्या घड्यांपासून गॅसच्या बटणापर्यंत सगळं होतं. सात भांडणांची यादी होते. दोनच पुन्हापुन्हा आली तर त्यांना संसाराचा वास लागतो.

‘आमटी अळणी आहे.’
‘आमटी नाही, जीभ म्हातारी झालीय तुमची.’
‘पंखा तीनवर फिरतो की नुसता बघत बसतो?’
‘माझे गुडघे धरतात. चारवर करायचा तर अंगणात जाऊन झोपा.’

एवढं पुरे. कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. त्याचं ‘अगं’, तिचं ‘अहो’, आणि फार राग आला की तिचं भिंतीकडे बघून ‘काही माणसांना...’.

आजाराचं कारण बिनचूक हवं. नर्स किंवा डॉक्टर वाचक पहिल्याच चुकीला गोष्ट मिटून ठेवतो. तीन आठवड्यांपूर्वी तिची रक्तदाबाची गोळी बदलली. नाव जवळपास तेच, फक्त शेवटी ‘एच’ आला. हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध. लाखो लोक ते सुखानं घेतात. पण वय झालेल्या, हडकुळ्या बाईला त्यानं सोडियम उतरण्याचा धोका असतो, आणि तो बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच. त्यात ऊन. भूक मेलेली, दोन वेळा चहा-खारीवर भागवलेलं. शेजारीण सांगते, ‘उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या.’ ती दिवसाला चार लिटर पिते. औषधामुळे जास्तीचं पाणी मूत्रपिंडाला नीट बाहेर टाकता येत नाही, पोटात अन्न नाही, वरून पाणी. रक्त पातळ होत जातं.

एक मोह टाळला. मिठावरून भांडण आणि मीठ कमी होऊन आजार, म्हणजे ‘बघ, मी म्हणत होतो ना’ असा शेवट आपोआप चालत येतो. पण तो खोटा आहे. सोडियम आमटी अळणी केल्यामुळे उतरलेलं नाही, गोळी, उपास आणि पाणी यांनी मिळून उतरवलंय. डॉक्टरांच्या तोंडी हे एका वाक्यात घालायचं. म्हातारा जिंकता कामा नये.

बुधवार

आज मधला भाग जमला. एके दिवशी आमटी खारट होते, तिनं मीठ दोनदा घातलेलं असतं. तो ताट सरकवून म्हणतो, ‘आज मिठाची खाण फुटली का?’ आणि उत्तराची वाट बघतो. ती म्हणते, ‘बरं.’

बस्स, बरं. गोष्टीतलं आजाराचं पहिलं लक्षण हेच. त्याला मात्र ते कळत नाही, उलट तो खूश होतो. रात्री पंखा चारवर करतो, ती काही म्हणत नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याला गार झोप लागते. दुसऱ्या दिवशी ती म्हणते डोकं जड आहे, मळमळतंय. वार दोनदा विचारते. तो म्हणतो, ऊन बाधलं, आणि नारळपाणी आणून देतो. नारळपाण्यात सोडियम फार थोडं, बाकी पाणीच, म्हणजे त्यानं भरच घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहाच्या आधणात विरजण घालते आणि चालताना भिंत धरते. तेव्हा कुठे त्याच्या पोटात गोळा येतो.

हे दोन दिवस मला महत्त्वाचे वाटतात. जिंकल्याच्या आनंदात त्यानं ते घालवले, हे त्याला पुढे कुणी म्हणत नाही. तोही म्हणत नाही.

दवाखान्यात रक्तात सोडियम 118 निघतं. असायला हवं 135 ते 145. ‘एच’वाली गोळी बंद. तो डॉक्टरांना म्हणतो, ‘मग भराभर मीठ चढवा की.’ डॉक्टर मान हलवतात. हळूहळू उतरलेलं सोडियम झपाट्यानं वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत ते साधारण आठापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. दर काही तासांनी रक्त तपासायचं, लघवी मोजायची. गोळी बंद झाली की लघवी अचानक वाढते आणि आकडा आपसूकच उडी मारतो, म्हणून हे मोजणं. लघवीचं माप लिहायचं काम तो नर्सकडून मागून घेतो. आयुष्यभर वाणसामानाचा हिशेब तिनं ठेवला, याच्या वहीत आता पहिल्यांदा तिचे आकडे.

शुक्रवार

घरी आल्यावरचं दृश्य. पुढच्या तपासणीपर्यंत दिवसाला एक लिटरच, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. पहिल्या मसुद्यात मी नुसतं ‘तो तिची काळजी घेऊ लागला’ असं लिहून मोकळा झालो होतो. आता मापं मांडली. चहा शंभर मिली दोनदा, आमटीची वाटी दीडशे, ताक दीडशे. झाले पाचशे. उरलेलं पाचशे मिली पाणी तो सकाळीच एका बाटलीत भरून ठेवतो, म्हणजे दिवसभर वाद नको. फुलपात्र काठाला बोटभर कमी भरलं की दीडशे, हे त्यानं मापाच्या पेल्यानं तीनदा ताडून पाहिलंय.

तिला तहान लागते. वैशाखात, माठाच्या शेजारी, एक लिटर. तिच्यासमोर प्यायला नको म्हणून तो न्हाणीघरात जाऊन नळाचं कोमट पाणी ओंजळीनं पितो.

‘अहो.’
‘काय?’
‘न्हाणीघरात पाणी पिता होय, चोरासारखं?’
‘नाही तर.’
‘मला सोडियम कमी झालंय, बहिरी नाही झाले. माठातलं गार प्या.’

तो माठाशी उभा राहून तिच्याकडे पाठ करून पितो.

‘आणि पंखा चारवर कुणी केलाय?’
‘तीनवरच आहे. दवाखान्यातून आल्यापासून तीनवरच आहे.’
‘मग चारवर करा. बनियन बघा केवढं भिजलंय.’
‘तुझे गुडघे धरतील.’
‘गुडघे माझे आहेत ना? उठा.’

याच्यापुढे मसुद्यात आणखी अकरा ओळी होत्या. त्यात तो तिचा हात हातात घेत होता आणि बाहेर वळवाचा पाऊस येत होता. काढल्या. तो उठतो, बटण चारवर नेतो, आणि जेवायला बसल्यावर म्हणतो, आमटी अळणी आहे. आमटी त्यानंच केलेली असते.