एकाच पोत्यातून तीन पुड्या: ब्राउन राईस, पांढरा तांदूळ आणि कोंडा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ दादाची छोटी गिरण आहे. आसपासच्या शेतकऱ्यांचं भात सडून देणं आणि त्यातलं थोडं विकत घेऊन ब्राउन राईस म्हणून पाकिटात भरून विकणं, असा तिचा व्याप. हिशेब आणि ऑर्डर मी बघते. गेल्या पावसाळ्याआधी म्हापशाहून एका आईचा फोन आला. तिची मुलगी आठ महिन्यांची होती. "तुमचा ब्राउन राईस दळून तिला खीर करून देते. पण ब्राउन तांदळात आर्सेनिक जास्त असतं असं कुणीतरी सांगितलं, खरं आहे का हो?" मी तिला दोन दिवसांनी सांगते म्हटलं. दोन दिवसांचे साडेतीन महिने झाले.

दादाचं पहिलं म्हणणं असं की आर्सेनिक हा गंगेच्या खोऱ्यातला प्रश्न आहे, सत्तरीचा नाही. त्यात निम्मं खरं आहे. बंगाल-बिहारमध्ये बोअरवेलच्या पाण्यातच आर्सेनिक येतं आणि त्याच पाण्यावर भात पिकतं, म्हणून तिथला धोका वेगळ्या पातळीचा. पण थोडं आर्सेनिक सगळ्याच मातीत असतं, आणि भाताचं पीक ते इतर धान्यांपेक्षा जास्त उचलतं. आमच्या सरदीच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या शेतात पाणी महिनोन् महिने साचलेलं असतं. त्या पाण्याखाली हवा पोचत नाही, मातीतल्या लोहाच्या गंजाला चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि पाण्यात उतरतं. भाताची मुळं सिलिका शोषायला ज्या वाटा वापरतात त्याच वाटेने हे सुटलेलं आर्सेनिक आत जातं, कारण मुळाला दोघांतला फरक कळत नाही. म्हणजे प्रश्न आमच्याकडेही होता, किती हा मोजायचा मुद्दा होता.

पहिल्या खेपेला आम्ही चुकलो. दुकानातल्या पांढऱ्या तांदळाचं एक पाकीट आणि आमचा ब्राउन, असे दोन नमुने एका प्रयोगशाळेला पाठवले. दोन्हींचा रिपोर्ट एकसारखा आला: आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी. दादा खूश झाला. मला मात्र तो आकडा पटेना, म्हणून फोन करून विचारलं. तेव्हा समजलं की ०.२ हा आमच्या तांदळाचा आकडा नव्हताच. त्यांच्या पद्धतीने खात्रीने मोजता येणारं कमीत कमी प्रमाण तेवढं होतं. त्याखाली ०.१९ असो की ०.०३, कागदावर एकच ओळ छापली जाते. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने पॉलिश केलेल्या तांदळासाठी घातलेली मर्यादाच ०.२ आहे. त्यामुळे अशा रिपोर्टवरून दोन तांदळांची तुलना करताच येत नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. त्यांनी मोजलं होतं एकूण आर्सेनिक. तांदळात ते दोन रूपांत असतं. एक असेंद्रिय, जे खरं घातक आणि दीर्घकाळात कर्करोगाशी जोडलेलं, आणि दुसरं सेंद्रिय, बहुतांशी डीएमए नावाचं संयुग, ज्याचा धोका त्या मानाने कमी. मर्यादा असेंद्रियावर असते. नुसता एकूण आकडा कमी धोक्याच्या आर्सेनिकालाही घातकाच्या खात्यात टाकतो.

तिसरी चूक माझी मला रात्री झोपताना लक्षात आली. दुकानातला पांढरा तांदूळ कुठल्या मातीतला होता कुणास ठाऊक. दोन वेगवेगळ्या शेतांतल्या तांदळांत फरक दिसला असता, तर तो कोंड्याचा की मातीचा हे कसं सांगणार?

म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एकाच शेतकऱ्याचं, एकाच मळणीचं जया जातीचं भात, वीस किलो. जुन्या हलरमध्ये ते घालून चाललं नसतं. हलरमधून तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात आणि त्या मिश्रणाला सगळे सर्रास कोंडाच म्हणतात. त्यात तुसाचं वजन इतकं असतं की मोजलेला आकडा कोंड्याचा राहत नाही. आमच्याकडे सुदैवाने रबरी रोलरचं शेलर आणि पॉलिशर वेगवेगळे आहेत. आधी शेलर आणि पॉलिशर झाडून, ब्रशने साफ करून, दोन किलो भात नुसतं वाया घालवून आतला जुना माल काढून टाकला. मग शेलरमधून भात काढलं, तूस उडालं, ब्राउन राईस राहिला. त्यातला पाच किलो मोजून पॉलिशरला दिला. पांढरा निघाला साडेचार किलो, आणि खाली पिशवीत साधारण अर्धा किलो कोंडा. तो मी बारीक चाळणीने चाळला, कणी वेगळी केली. हातात घेतला तर गव्हाच्या पिठासारखा मऊ, तेलकट, बोटांना पिवळसर चिकटणारा.

नमुना काढायलाही पद्धत असते. धुतलेल्या चादरीवर ढीग करून सपाट पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे, आणि हवं तेवढं उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. नाहीतर पोत्याच्या वरच्या मुठीतला तांदूळ साऱ्या पोत्याच्या नावावर जातो. ब्राउनच्या पुडीवर क, पांढऱ्यावर ख, कोंड्यावर ग. कुठली कशाची हे मुद्दाम कळवलं नाही. या वेळी पुण्याची दुसरी प्रयोगशाळा निवडली आणि पाठवण्याआधी लेखी विचारलं: असेंद्रिय आर्सेनिक वेगळं करून मोजता का, आणि किती कमी प्रमाणापर्यंत खात्रीने मोजता? रूपं वेगळी करणाऱ्या एचपीएलसी यंत्राला आर्सेनिक मोजणारं आयसीपी-एमएस यंत्र जोडतो, ०.०२ पर्यंत मोजतो, असं उत्तर आल्यावरच पुड्या पाठवल्या.

आकडे आले ते असे, सगळे असेंद्रिय आर्सेनिकाचे, मिलिग्रॅम प्रति किलोत. ब्राउन ०.१३. पांढरा ०.०८. कोंडा ०.६.

रिपोर्टवर विश्वास ठेवण्याआधी मी एक पडताळा केला. हा प्रत्येकाला घरी बसून करता येतो. एक किलो ब्राउन राईस म्हणजे आमच्या वजनांप्रमाणे ९०० ग्रॅम पांढरा आणि १०० ग्रॅम कोंडा. ९०० ग्रॅम पांढऱ्यात ०.०७२ मिलिग्रॅम, १०० ग्रॅम कोंड्यात ०.०६०. बेरीज ०.१३२, आणि प्रयोगशाळेने ब्राउनला स्वतंत्रपणे दिलेला आकडा ०.१३. हिशेब जुळला तेव्हा खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. जुळला नसता तर नमुन्यात किंवा मोजणीत कुठेतरी गडबड आहे असं धरून चालावं लागलं असतं.

या हिशेबात म्हापशाच्या त्या आईचं उत्तर होतं. कोंडा वजनाने दहावा हिस्सा, पण आर्सेनिक त्यात जवळजवळ निम्मं. दाणा भरताना अन्नरस ज्या नसेतून येतो ती दाण्याच्या पाठीवरून, सालीच्या आतल्या बाजूने जाते. असेंद्रिय आर्सेनिक तिथेच, नसेच्या आजूबाजूला आणि साल-कोंड्याच्या थरांत अडकून पडतं. डीएमए मात्र पुढे सरकून आतल्या पांढऱ्या गाभ्यापर्यंत जातं. म्हणूनच एकूण आर्सेनिकाच्या रिपोर्टवर ब्राउन आणि पांढऱ्यातला फरक प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो. पॉलिश करताना आपण जे खरवडतो त्यात फायबर आणि बी जीवनसत्त्वं जातात, तसंच हे घातक आर्सेनिकही जातं. दोन्ही त्याच थरांत राहतात.

पण त्यामुळे आमचा ब्राउन राईस विषारी ठरला का? मोठ्यांसाठी नाही. कोडेक्सने सालीसकटच्या तांदळाला ०.३५ ची वेगळी मर्यादा दिली आहे, ०.१३ तिच्या बराच खाली. आमच्या आईला मधुमेह आहे, ती दुपारी एक वाटी ब्राउन राईस खाते, ते आम्ही चालू ठेवलं. बाळांचं गणित वेगळं. वजनाच्या मानाने बाळ मोठ्यांपेक्षा जास्त खातं आणि त्यात तांदूळच तांदूळ असतो. म्हणून युरोपने बाळांच्या अन्नासाठीच्या तांदळाला ०.१० ची मर्यादा ठेवली आहे, अमेरिकेनेही बाळांच्या तांदळाच्या सिरियलला तेवढीच. आमचा पांढरा तिच्या आत बसतो, ब्राउन बसत नाही. मी त्या आईला फोन करून हेच आकड्यांसकट सांगितलं आणि म्हटलं, खिरीला पांढरा घ्या, आणि रोज तांदूळच नको, एक दिवसाआड नाचणीचं सत्त्व करा. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं झालं विचारलं."

कोंड्याचं प्रकरण मला जास्त गंभीर वाटलं. आमच्याकडून दोन गिऱ्हाइकं कोंडा नेत असत, पौष्टिक म्हणून पिठात आणि लाडवांत घालायला. वीस ग्रॅम कोंडा म्हणजे १२ मायक्रोग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक, आणि आमचा पांढरा तांदूळ कोरडा दीडशे ग्रॅम खाल्ला तरी तेवढंच. हे कळल्यावर माणसांसाठी कोंडा द्यायचं आम्ही बंद केलं.

मग स्वयंपाकघर. कुकरमध्ये मोजकं पाणी घातलं की जे होतं ते सगळं भातातच राहतं. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातातून बरंच निघून जातं. २०२० साली शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक पद्धत मोजून दाखवली: एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी उकळून त्यात तांदूळ पाच मिनिटं शिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं, मग ताजं पाणी घालून मंद आचेवर झाकून पूर्ण शिजवायचा. पांढऱ्यातून ७३ टक्के आणि ब्राउनमधून ५४ टक्के असेंद्रिय आर्सेनिक गेलं. ब्राउनमधून कमी जातं, कोंड्याची साल आडवी येते. आमच्या घरी आजीच्या काळापासून भात वेळलेलाच असायचा, पण वेळलेलं पाणी मीठ घालून प्यायचीही सवय होती. सुटलेलं आर्सेनिक त्याच पाण्यात असतं. वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात पेल्यात तेच पाणी होतं. तिने पेला बाजूला ठेवला आणि पाणी अंगणातल्या अळवाला घालू का विचारलं. मी म्हटलं, नको, अळूही आपणच खाणार.

उकड्या तांदळाबद्दल गोव्यात प्रत्येक जण विचारतो. उकडताना भात तुसासकट भिजतं, वाफवलं जातं, आणि कोंड्यातलं पाण्यात विरघळणारं काही दाण्यात आत सरकतं. जीवनसत्त्वं सरकतात तसं हेही. युरोपने २०१५ च्या नियमात उकड्या आणि सालीसकटच्या तांदळाला एकच मर्यादा दिली होती, ०.२५. पुढच्या मळणीला त्याच शेताचं भात अर्धं उकडून आणि अर्धं कच्चं सडून पाठवायचं ठरलंय. ज्या शेतकऱ्याचं भात आहे त्याने आमच्या चुलीवर, स्वतःच्या देखरेखीखाली ते उकडायची तयारी दाखवली आहे. भिजवलेलं पाणी फेकायचं की त्यातच उकडायचं, हे तेवढं त्याच्याशी बोलायचं राहिलंय.