तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा एकर, सहा एकर आणि लोकसंख्येचा लाभांश

"सर, टीव्हीवर सांगतेत का आपला देश तरुण हाय, तरुणाईचा लय फायदा होनार हाय. मंग आमच्या घरी दोन जवान पोट्टे असून फायदा काऊन दिसत नाही?"

भाऊ, फायदा नुसत्या वयानं होत नाही म्हणून दिसत नाही. आपल्या घरात नेमकं काय झालं ते बघायचं तर मी बारावीच्या वर्गात फळ्यावर जे घर मांडतो तेच इथं मांडतो, यवतमाळकडच्या कुठल्याही कोरडवाहू गावात असं घर सापडेल.

1981 साल धरा. घरात नवरा-बायको, नवऱ्याची म्हातारी आई आणि सहा लेकरं, तीन पोरं तीन पोरी, मोठं चौदाचं आणि धाकटं पाळण्यात. नऊ खाणारी तोंडं आणि कामाच्या वयाची माणसं दोनच. म्हणजे एका कमावत्यामागं साडेतीन माणसं. अशा घरात पिकलं ते खाण्यातच जायचं, शिल्लक कशाची टाकणार आणि शिकवणार कोणाला, मोठा पोरगा चौथीनंतर ढोरांमागं आणि पोरी धाकट्याला सांभाळायला.

आता त्याच घरातला मधला मुलगा घ्या, तेव्हा आठ वर्षांचा होता, आज पन्नाशी ओलांडून गेलाय. घरात तो, त्याची बायको, दोन मुलं, एक पंचविशीचं एक बाविशीचं, आणि त्याची आई, ती पंच्याहत्तरीच्या पुढं. पाच माणसं, त्यातली चार कामाच्या वयाची, बसून खाणारी एकच म्हातारी. कागदावर बघितलं तर ह्या घराचे दिवस पालटायलाच पाहिजेत, चार जणांची कमाई आणि तोंडं पाच.

देशाचंही असंच झालं, फक्त हळूहळू. 1970 च्या सुमारास 15 ते 64 वयाच्या शंभर माणसांमागं त्याच्या खालची-वरची मिळून जवळपास ऐंशी माणसं होती, आज सत्तेचाळीसच्या आसपास आहेत. आधी लेकरं मरायची कमी झाली, मग लोकांनी लेकरं कमी केली, आणि मधल्या काळात जन्मलेली मोठी पिढी आता ऐन कामाच्या वयात आलीय, लाभांश लाभांश म्हणतात तो ह्याच टप्प्याचा. आपल्या महाराष्ट्रात तर हे आधीच झालं, 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईमागं सरासरी 2.9 लेकरं होती, 2019-21 च्या सर्वेक्षणात 1.7. म्हणजे पहिली अट आपल्या बायांनी पाळून झाली, तीही कमी शिक्षण आणि जास्त कष्ट असताना, हे मला नेहमी ठासून सांगावंसं वाटतं.

आता घरात परत या. आजोबांची अठरा एकर तीन भावांत वाटली, ह्याच्या वाट्याला सहा आली. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि मधे तुरीचे तास. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी, दिवाळीच्या आगंमागं वेचणी सुरू होते ती जानेवारीपर्यंत ओढते, तूर निघाली की वावर मोकळं. फेब्रुवारी ते मे वावरात काम म्हणावं असं काही नाही. वेचणीच्या ऐन हंगामात हेच घर बाहेरून किलोवर बाया लावतं, आणि मार्चमध्ये वावरावर अवलंबून असलेले सगळे रिकामे. जमिनीला जेवढं काम लागतं ते नवरा-बायको दोघं करतात, दोन पोट्टे अजून वावरात उतरले म्हणून एकरी एक किलो कापूस वाढत नाही. कापूस पाण्यानं आणि बोंडअळीनं ठरतो, माणसांच्या संख्येनं नाही.

सगळा खेळ इथंच अडतो. माणूस कामाच्या वयात येणं वेगळं आणि त्याच्या हातून काही जास्तीचं निघणं वेगळं. मोठा पोरगा बीए होऊन पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी ग्राउंड आणि दिवसभर लायब्ररी, मेहनतीत कुठं कमी नाही, पण घरात पैसा येत नाही उलट अभ्यासिकेची फी जाते. धाकटा आयटीआय करून चाकणला कंत्राटावर, हाती येतं त्यातलं खोलीभाडं आणि मेस वजा जाता महिन्याला जे उरतं ते पाठवतो, तेवढ्यानं घरी आजीचं औषधपाणी आणि किराणा भागतो. आई हंगामभर राबते पण स्वतःच्याच वावरात, तिला मजुरी कोण देणार, आपलं वेचून झालं की ती दुसऱ्याकडं वेचायला जाते तेवढाच तिचा रोख पैसा. आता मोजा. वयानं चार कमावते, पण बापाची शेती, धाकट्याचं उरलेलं आणि आईची हंगामी मजुरी मिळून पुरते दोन माणसांचेही पगार होत नाहीत.

तरी काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. दोनच लेकरं होती म्हणून दोघंही बारावीच्या पुढं गेली, आजीचं औषध थांबलं नाही, घर स्लॅबचं झालं. ओझं कमी झाल्याचा पैसा असा खर्च झाला आणि चांगल्या कामी झाला. पण ओझं कमी झाल्यावर कमाईपण वाढली असती तर जे झालं असतं ते नाही झालं.

ते कुठं झालं ते बघायचं तर दक्षिण कोरिया बघा. 1960 च्या आसपास तिथं एका बाईमागं सहा लेकरं होती, 1980 च्या दशकात दोनच्या खाली आली. ह्याच काळात तिथं जमिनीचं फेरवाटप होऊन गेलेलं होतं, पोरं शाळेत टिकत होती आणि मुख्य म्हणजे कापड, प्लायवूड, विग बनवणारे निर्यातीचे कारखाने उभे राहत होते, त्यात खेड्यातल्या पोरी हजारोंनी गेल्या. त्या पोरींचे हाल काय झाले हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, पण वावरातून निघालेल्या हाताला जायला जागा होती. ब्लूम आणि विल्यमसन ह्या अर्थतज्ज्ञांनी 1998 मध्ये हिशेब मांडला की 1965 ते 1990 मधल्या पूर्व आशियाच्या आर्थिक वाढीतला साधारण एक तृतीयांश वाटा ह्या वयाच्या बदलाचा असावा. ब्राझीलमध्येही 1960 च्या सुमारास सहाच लेकरं होती आणि तिथंही ती झपाट्यानं कमी झाली, पण 1982 नंतर कर्जाच्या संकटात अख्खं दशक गेलं, रोजगार आटला, आणि कामाच्या वयात आलेली पिढी शहराच्या कडेला किरकोळ कामं करत राहिली. दोन्हीकडं लेकरं कमी झाली, पण पिढी कामाच्या वयात आली तेव्हा काम होतं का नव्हतं ह्याच्यात सगळा फरक पडला.

आपलं गाडं कुठं चाललंय हे बघायला एक आकडा पुरे आहे. माणसं शेतीतून बाहेर निघून जास्त पैशाच्या कामाला लागली पाहिजेत, तर सरकारच्याच कामगार सर्वेक्षणात शेतीवर असलेल्यांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता तो 2023-24 मध्ये 46.1 टक्के झाला. मधे कोरोना आला हे खरं, पण गेलेली माणसं परत आली ती आपल्या ह्याच सहा एकरांवर. त्याच सर्वेक्षणात काम करणाऱ्या बाया खूप वाढलेल्या दिसतात, तेव्हा लोक खूश होतात, पण खेड्यातल्या त्या बायांमधला मोठा वाटा घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्यांचा आहे. वरच्या घरातली आई त्यात कामकरी म्हणून मोजली जाते, आणि तिच्या हातात पैसा किती येतो ते आपण बघितलं.

आणि शिक्षणाचं म्हणाल तर बारावी पास असणं आणि येणं ह्यात अंतर पडलंय. 2023 च्या असर पाहणीत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे पाव मुलांना दुसरीचा मजकूर आपल्याच भाषेत सरळ वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून जास्त जणांना जमलं नाही. मी अकरावीच्या वर्गात टक्केवारी शिकवायला उभा राहतो तेव्हा हे रोज समोर बसलेलं असतं. असं पोरगं कंपनीत गेलं तर हेल्परच लागतं, आणि पाच वर्षांनीही हेल्परच राहतं.

काही जण म्हणतात घाई काय, देश अजून तरुणच आहे. देशाचा हिशेब घेतला तर 2018-19 च्या आर्थिक पाहणीनं सांगितलं होतं की 20 ते 59 वयाच्या लोकांचा वाटा 2041 च्या सुमारास 59 टक्क्यांपर्यंत जाऊन मग उतरेल. पण ती सरासरी आहे, तिच्यात बिहार आहे जिथं 2019-21 मध्येही बाईमागं तीन लेकरं होती. आपल्याकडं लेकरं आधी कमी झाली म्हणून आपला उतारही आधी सुरू होणार. आज बावन्न-त्रेपन्नचा असलेला बाप पंधरा वर्षांत कामाला जड होईल, आणि तेव्हा त्याची-बायकोची औषधं ह्या दोन पोरांच्या पगारातून येणार, पेन्शन तर कोणालाच नाही. म्हणून ह्या पंधरा वर्षांत पोरांची कमाई किती वाढते आणि मागं किती शिल्लक पडते ह्यावर त्या घराचं पुढचं सगळं आहे.

मग तुमच्या गावात लाभांश येतोय का नाही हे कसं ओळखायचं? वयाची यादी बघू नका. गेल्या वर्षभरात कोणाच्या नावावर किती महिने रोख कमाई आली ते घरोघर विचारा, बायांना वेगळं विचारा. पोरगं शिक्षण संपल्यावर किती वर्षांनी पहिला पगार आणतं ते बघा, आणि वेचणी नसलेल्या महिन्यांत बाईची मजुरी वाढतेय का ते बघा. ती वाढत असेल तर समजा गावाबाहेर कुठंतरी हातांना मागणी आली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्याकडं सगळ्यात स्वस्तात सुटण्यासारखी अडचण पोरींची आहे. माझ्या वर्गात अकाउंटिंगमध्ये पोरी पोरांच्या पुढं असतात. तालुक्याला दुकानांत, दवाखान्यांत, जिनिंगच्या ऑफिसात हिशेबाला माणूस लागतो, पगार फार नाही पण रोख असतो आणि बारा महिने असतो. 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, चांगली गोष्ट झाली, पण काम सुटतं साडेसहाला आणि बऱ्याच गावांची शेवटची गाडी त्याच्या आधीच निघून गेलेली असते. अंधारात काळीपिवळीनं पोरीला कोण येऊ देणार, मग तिचं लग्न लावून देतात आणि पुढं ती नवऱ्याच्या सहा एकरांत बिनपगारी राबते. तुम्ही ग्रामसभेत रस्ता मागता, सभामंडप मागता, ह्या वेळी संध्याकाळी सातच्या एसटीचा ठराव मागा, तो घेऊन आगाराला जा, मी सोबत येतो.