आमची वाटचाल : सात सेकंदांचं ‘बरं’

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. अ‍ॅनिमेशनची कामं यायची ती यंत्रांची. पंप कसा चालतो, झडप कशी उघडते, पाणी कुठून कुठे जातं. पुढे त्या यंत्रांशेजारी हात हलवणारी माणसं आली. ती धावायची, उड्या मारायची, अंगठा दाखवायची, आणि ते आम्हाला बरं जमायचं. एवढ्या भांडवलावर ‘कॅरॅक्टर अ‍ॅनिमेशन आम्ही करतो’ असं सगळ्यांना सांगत सुटलो. स्टुडिओत आम्ही सात जण झालो तेव्हा एका लघुपटातले काही शॉट हाती आले. त्यातल्या एका शॉटने आमचा धंदा कसा बदलला, ते इथे लिहिते आहे.

शॉट सात सेकंदांचा होता. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 168 फ्रेम. पन्नाशीची एक बाई खुर्चीत बसून हातातल्या किल्लीशी चाळा करते आहे. चौकटीबाहेरून भाऊ म्हणतो, “घर विकलं.” ती म्हणते, “बरं.” बस, एवढंच. उठणं नाही, चालणं नाही. वेळापत्रकात मी त्याला तीन दिवस दिले. लागले अकरा.

पहिली आवृत्ती पाठवली तेव्हा आम्ही खूश होतो. भुवया वर जात होत्या, खाली येत होत्या, डोळे इकडून तिकडे फिरत होते, बरोब्बर दर दोन सेकंदांनी पापणी मिटत होती. दिग्दर्शकांचं उत्तर दोन ओळींचं आलं : “बाई किल्लीकडे बघताना घाबरल्यासारखी का दिसते? आणि बातमी ऐकल्यावर तिला झोप का येते?”

आधी राग आला. मग फ्रेम फ्रेम करून बघायला बसलो, तर दोन्ही तक्रारी अक्षरशः खऱ्या होत्या आणि दोन्हींचं कारण सापडण्याजोगं होतं.

घाबरल्याचं कारण रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्याच्या आत बसवलेल्या सांगाड्यात होतं. माणूस खाली बघतो तेव्हा वरची पापणी बुबुळाबरोबर खाली उतरते. सहज बसलेल्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडा भाग झाकूनच असते. आमच्या रिगमध्ये पापणीला डोळ्याची दखलच नव्हती. बुबुळ खाली गेलं, पापणी होती तिथेच राहिली, आणि बुबुळाच्या वर पांढऱ्याची पट्टी उघडी पडली. चेहऱ्यावर दुसरं काहीही नसलं तरी ती पट्टी दिसली की माणूस दचकलेला वाटतो. मग आमच्या रिग करणाऱ्या मुलाने पापण्या डोळ्याला बांधल्या : डोळा खाली गेला की वरची पापणी मागोमाग उतरते, खालचीही किंचित दबते. डोळा बाजूला फिरला की पापणीचा फुगवटाही त्या बाजूला सरकतो. हे काम आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

झोपेचं कारण पापणीच्या वेगात होतं. आमची पापणी सहा फ्रेममध्ये मिटत होती आणि सहा फ्रेममध्येच उघडत होती. साधी उघडझाप तशी नसते. पापणी झपकन पडते आणि जरा निवांत उचलली जाते. आम्ही आता दोन-तीन फ्रेम मिटायला, एखादी फ्रेम बंद आणि तीन-चार फ्रेम उघडायला, असं धरून चालतो. मिटताना बुबुळ केसभर खाली जातं, खालची पापणी केसभर वर येते, भुवईही जराशी ओढली जाते. हे वेगळं दिसत नाही, पण काढून टाकलं तर डोळ्यावरून शटर ओढल्यासारखं वाटतं.

आणखी एक दोष दिग्दर्शकांनी नावाने सांगितला नव्हता, पण होता : डोळे तरंगत होते. पोझ ठरवून झाल्यावर आम्ही सगळ्या की, म्हणजे ठरवलेल्या पोझच्या फ्रेम, स्प्लाइनवर टाकल्या होत्या. सॉफ्टवेअरने दोन की जोडणारी सुंदर गोलाई काढली, आणि डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वीस-वीस फ्रेम घसरत राहिला. खरा डोळा उडी मारतो आणि थांबतो. मऊ सरकत तो फक्त हलत्या वस्तूचा पाठलाग करताना जातो. समोर काहीच हलत नसताना डोळा सरकू लागला तर माणूस नशेत वाटतो. 24 च्या हिशेबात एक फ्रेम जेमतेम बेचाळीस मिलिसेकंदांची, म्हणून छोटी उडी एका-दोन फ्रेममध्ये आटपते. त्या शॉटपासून आमच्याकडे डोळ्यांच्या दिशेच्या कर्व्ह हालचालीचा आलेख दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये पायऱ्यांसारख्या दिसतात : सपाट, खडी, पुन्हा सपाट. गोलाई दिसली की कुणीतरी ओरडतंच.

एवढं दुरुस्त करूनही शॉट मेलेलाच होता, कारण चुका गेल्या तरी तिच्या मनात काय चाललंय हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं.

मग रेफरन्स शूट केला. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने खुर्चीत बसून अभिनय केला, आणि तो अभिनयच होता. आवंढे गिळले, मान झटकली, मी तर सुस्कारासुद्धा टाकला. शेवटी आमचे हिशेब बघणाऱ्या ताईंना बसवलं. कॅमेऱ्यासमोर त्या अवघडल्या, त्यामुळे त्यांनी जवळजवळ काहीच केलं नाही. तेच फुटेज कामाचं निघालं. वाक्य ऐकल्यावर त्यांची बोटं थांबली, आणि नंतर बराच वेळ त्यांनी पापणीच हलवली नाही.

त्या फुटेजवरून शॉट पुन्हा मांडला तो असा. सुरुवातीला नजर किल्लीवर, पापण्या उतरलेल्या, चौदाव्या फ्रेमला एक साधी उघडझाप. भावाचं वाक्य चाळिसाव्या फ्रेमला संपतं. लगेच काहीच होत नाही. ऐकलेलं आत पोचायला वेळ लागतो, आणि पहिल्या आवृत्तीत आम्ही तोच खाल्ला होता. सत्तेचाळिसाव्या फ्रेमला बोटं थांबतात. पन्नासाव्याला वरच्या पापण्या जराशा उचलल्या जातात, पण नजर अजून किल्लीवरच. म्हणजे तिला कळलंय, फक्त तिने अजून वर बघितलेलं नाही. साठाव्याला डोळे दोन फ्रेममध्ये भावाकडे जातात, मान तीन फ्रेम उशिरा निघते आणि सावकाश पोचते.

एवढी मोठी नजर वळवताना माणूस बहुधा पापणी मिटतो, आणि आमच्या मुलांना तिथे मिटवायची सवयच लागली होती. इथे ती आम्ही मुद्दाम काढली. चौदाव्या फ्रेमची उघडझाप आटपल्यापासून पुढची येईपर्यंत नव्वद फ्रेम जातात, म्हणजे पावणेचार सेकंद. तेवढा वेळ तिचे डोळे उघडे राहतात. एरवी ही काही फार मोठी मुदत नाही, पण स्थिर चेहऱ्यावर ती ताणल्यासारखी जाणवते.

त्या मुदतीत तीन थांबे आहेत. आधी भावाच्या एका डोळ्यावर सोळा फ्रेम, मग दुसऱ्यावर आठ, मग ओठांवर बावीस. तो पुढे काही बोलेल याची ती वाट बघते, म्हणून ओठांवर सगळ्यात जास्त. थांबे सारखे ठेवले असते तर डोळे लंबकासारखे झाले असते. डोळ्याच्या अशा उडीला आम्ही डार्ट म्हणतो. डोळा फिरवायचा म्हणून फिरवलेला डार्ट लगेच ओळखू येतो. ‘ती आत्ता काय शोधतेय?’ याचं उत्तर नसेल तर तो डार्ट आम्ही काढतो.

एकशे बाराव्या फ्रेमला भाऊ काही बोलणार नाही हे तिला कळतं. इथे संथ उघडझाप : चार फ्रेम मिटायला, तीन बंद, पाच उघडायला. पापणी बंद असतानाच नजर किल्लीवर येते, आणि पापण्या उघडतात त्या पहिल्याइतक्या नाहीत. वेगाने हीसुद्धा झोपेच्या उघडझापेसारखीच आहे, पण अख्ख्या शॉटमध्ये एकदाच आणि इतक्या वेळाने आल्यामुळे ती झोप वाटत नाही, काहीतरी आत ढकलल्यासारखी वाटते. त्यानंतर भुवयांची फक्त आतली टोकं वर जातात, दहा फ्रेममध्ये, आणि तिथेच राहतात. बाहेरची टोकंही वर गेली तर आश्चर्य होतं, आतलीच हलली तर दुःख. एकशे अडतिसाव्याला “बरं.” मग ओठांचे कोपरे थोडे वर. खालच्या पापण्या आम्ही हलवल्या नाहीत. मनापासून हसताना त्या वर येतात आणि डोळे बारीक होतात. इथे हसू तोंडापुरतंच राहतं, डोळ्यापर्यंत जात नाही.

थांबे खूप असले की आणखी एक घोटाळा होतो. चेहरा पूर्ण स्थिर ठेवला तर फोटो लटकवल्यासारखा दिसतो. म्हणून छातीत श्वासाची हालचाल ठेवली, मान अर्ध्या-एक अंशाने खाली येत राहिली, ओठ हळूहळू आवळत गेले. मधल्या थांब्यात तिने श्वास रोखला आहे, तो “बरं”च्या आधी सुटतो. हे मात्र ताईंकडून नाही घेतलं, ते माझं. अकरा दिवसांत माझी एवढी एकच कल्पना टिकली.

शेवटचा गोंधळ आकाराचा झाला. आमचा अ‍ॅनिमेटर दिवसभर चेहऱ्यावर जवळून लावलेल्या कॅमेऱ्यात काम करत होता. तिथे भुवईचं टोक ठसठशीत दिसायचं, पण शॉटची चौकट कमरेपासून वरची होती. फोनवर प्लेब्लास्ट, म्हणजे शॉटची झटपट काढलेली कच्ची चित्रफीत, लावला तर भुवई हललेली कळेना आणि तीनपैकी दोन डार्ट गायब. डार्टची झेप दुपटीने वाढवावी लागली, भुवईही. जवळून बघितलं तर आता ते जरा जास्तच वाटतं. आता अशा शॉटचा प्रत्येक प्लेब्लास्ट आम्ही फोनवर, आवाज बंद करून आणि तोंडाचा भाग हाताने झाकून बघतो. नुसत्या डोळ्यांवरून ती काय ऐकतेय हे कळलं नाही तर शॉट पुढे जात नाही.

दिग्दर्शकांना शेवटी डोळ्यात पाणी हवं होतं. आम्ही पाणी असलेली आणि नसलेली अशा दोन आवृत्त्या पाठवल्या. त्यांनी नसलेली ठेवली, आणि “बरं” नंतर आम्ही लाडाने ठेवलेली एक उघडझापही काढायला लावली. बरोबर होतं त्यांचं. उघडझाप केली की विचार संपल्यासारखा वाटतो, आणि तिचा संपलेला नव्हता.

धंद्यात बदल झाला तो अंदाजपत्रकात. पूर्वी आम्ही सेकंदावर भाव लावायचो. आता पटकथा वाचताना धावपळीचे शॉट एका रंगाने खुणावतो आणि गप्प बसलेल्या माणसाचे दुसऱ्या. दुसऱ्या रंगाच्या शॉटला पहिल्याच्या तिप्पट दिवस. काही ग्राहक हे बघून हसतात. दोघे निघूनही गेले. नव्या माणसाला घेताना उडी मारायला सांगत नाही, खुर्चीत बसलेलं पात्र देतो आणि त्याला पाच सेकंदांत एखादी विसरलेली गोष्ट आठवायला सांगतो. बहुतेक जण भुवयांपासून सुरुवात करतात.

हिशेबाच्या ताईंचं नाव श्रेयनामावलीत रेफरन्स अभिनयाखाली गेलं. पुढच्या शूटला त्या तयारी करून आल्या, सुस्कारा वगैरे टाकून, आणि ते फुटेज वाया गेलं. सध्या हाती चष्मेवाल्या म्हाताऱ्याचा शॉट आहे. भिंगावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि अर्धे डार्ट त्याखाली जातात. भागीदार म्हणतो प्रतिबिंब काढू, मी म्हणते दोन ठिकाणीच काढू. तिसरा दिवस चालू आहे.