आमची वाटचाल : वाळूजचं शेड आणि नव्या ऑपरेटरचे पहिले नव्वद दिवस

वाळूज एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क आहे. दुचाकीचे हब, बुश, स्पेसर असा माल. पहिली मशीन कर्जावर घेतली तेव्हा माझ्यासोबत एकच माणूस होता, आमचे मामा. नात्याने नव्हे, सगळं शेड त्यांना मामाच म्हणतं. मोठ्या कंपनीतली सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याची, नोकरी सोडून ते माझ्याकडे आले. कागदावर भागीदारी नाही, पण दुकान दोघांचंच. जॉब धरणाऱ्या चकचे मऊ जबडे, म्हणजे सॉफ्ट जॉ, बोअर करताना मामा चक प्रेशर कमी करून जॉबवर हात ठेवतात आणि नुसत्या स्पर्शाने रनआउट, म्हणजे तो फिरताना किती डुगतो ते, सांगतात. मग डायल लावला की काटा तेवढाच हलतो. तसा हात मी वाळूजमध्ये दुसरा पाहिला नाही.

पुढची वर्षं बरी गेली. मशीन वाढल्या, शिफ्ट वाढल्या. मला सांगायचंय ते 2022 च्या पावसाळ्याबद्दल.

दसरा-दिवाळीच्या आधी दुचाकीवाल्यांची मागणी चढते हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तीन शिफ्ट चालवाव्या लागतात, आणि नेमकं त्याच वेळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या एका शेडवाल्याने आमच्या पोरांना गाठायला सुरुवात केली. त्याचा ठेकेदार शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर थांबायचा. त्याचं बोलणं एकच : "तिकडं सोळा हजार म्हणतात आन् हातात किती येतात? आमच्याकडं पूर्ण पगार हातात." पूर्ण पगार म्हणजे पीएफ नाही, ईएसआय नाही, मस्टरवर नाव नाही. बोट चकमध्ये गेलं तर पोरगा आणि त्याचं नशीब. हे तो सांगत नव्हता. बहुतेक जुने आमच्याकडेच राहिले, नवे मात्र भराभर गेले. नवे घेतले, तेही गेले. मशीनवर रोज नवं तोंड.

त्यातच एका रात्री हबचा अख्खा लॉट बिघडला. हबचं आतलं भोक, म्हणजे बोअर, हवा होता 25 एच 7, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. कापणारा इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो, म्हणून ती झीज भरून काढणारा आकडा, म्हणजे वेअर ऑफसेट, मशीनला देत राहावं लागतं. त्या रात्रीच्या पोराला बोअर 24.996 मिळाला. मधोमध आणायला 0.014 टाकायचे होते, त्याने 0.14 टाकले. एका शून्याने बोअर गेला 25.136 वर. प्लग गेजची गो बाजू आत जात होती म्हणून त्याला वाटलं माल बरोबर आहे. नो-गो बाजूही लावून पाहायची असते, ती आत जाता कामा नये, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं, कारण जो दाखवणार तो आठवड्यापूर्वी त्या टपरीवरून गेला होता. सकाळी सुपरवायझर चारचौघांत ओरडला. पोरगा जेवणाच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही. ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आली आणि आमचं वेंडर रेटिंग घसरलं. बँकेचा हप्ता तोंडावर होता. त्या आठवड्यात मशीन विकायचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

आम्हाला वाचवलं ते त्याच ग्राहकाच्या क्वालिटी विभागातल्या एका साहेबांनी. पहिल्या हबपासून आमच्यासोबत असलेला हा माणूस. ते आले तेव्हा मला वाटलं मशीनची अचूकता तपासतील. त्यांनी मागितलं मस्टर. सोडून गेलेल्या प्रत्येकासमोर रुजू झाल्याची आणि शेवटच्या हजेरीची तारीख लिहायला लावली. कागद भरला तसं स्पष्ट दिसलं. काही पोरं दुसऱ्या आठवड्यात गेली होती, काही पहिल्या पगारानंतर लगेच, आणि बाकीची एकट्याने रात्रपाळी लागल्यावर. तीन महिने टिकलेला जवळजवळ कुणीच गेला नव्हता. टपरीवरचा ठेकेदार बोलवायचा सगळ्यांनाच, पण जायची ती या तीन ठिकाणी अडलेलीच. आमची सगळी योजना त्या कागदावरून उभी आहे.

दुसऱ्या आठवड्यात पोरगा का जातो? केजचा, गेवराईचा, सेनगावचा मुलगा आयटीआय करून येतो. वाळूजजवळच्याच रांजणगावला किंवा जोगेश्वरीला चौघांत खोली घेतो. खोलीची अनामत लगेच, मेसचे पैसे आगाऊ. आणि पगार? 4 जूनला रुजू झाला तर पहिला पगार 7 जुलैला. मधले तेहेतीस दिवस तो कशावर काढणार? घरून आणलेले पैसे दुसऱ्या आठवड्यात संपतात. बाप ऊसतोडीला जाणारा, पावसाळ्यात त्याच्याच हातात काही नसतं. पोराला मागायची लाज वाटते, म्हणून तो गावाकडे निघून जातो आणि फोन उचलत नाही. आपण म्हणतो, "आजकालच्या पोरांना काम नको." शेडवाल्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. आम्ही पहिले तीन शनिवार उचल देतो, प्रत्येकी 1,500. ती त्याने तोपर्यंत कमावलेल्या पैशातूनच असते, त्यामुळे आमचं बुडत काही नाही. मागायची वाट पाहायची नाही, सगळ्या नव्या पोरांना सारखीच द्यायची, म्हणजे कुणाची मान खाली जात नाही.

दुसरं ठिकाण पगाराचं. घरी त्याने सोळा हजार सांगितलेले असतात. हिशेब बघा. सोळापैकी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेरा हजार. जूनचे सत्तावीस दिवस धरले तर एकूण होतात 14,400. पीएफ 12 टक्के, तो 11,700 वर, म्हणजे 1,404. ईएसआय पाऊण टक्का, 108. व्यवसाय कर 200. हातात 12,688, आणि त्यातून तीन उचली वजा केल्या की 8,188. सोळा हजारांच्या अपेक्षेत बसलेल्या पोराला आठ हजारांचा मेसेज आला की टपरीवरचा ठेकेदार त्याला खरा वाटणारच. म्हणून आम्ही हा हिशेब रुजू व्हायच्या आधी त्याच्यासमोर कागदावर मांडतो, त्याच्याच तारखेने, आणि शक्यतो बापालाही फोनवर सांगतो. पीएफमध्ये आपल्याकडून तेवढीच भर पडते हेही सांगतो. ईएसआयचं तर ठासून सांगा. कामावर इजा झाली तर संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, त्यासाठी महिने भरावे लागत नाहीत. नोंदणी त्याच दिवशी करा आणि तात्पुरतं ओळखपत्र छापून हातात द्या. ते कार्ड खिशात असलं की टपरीवरच्या बोलण्याला पोरगं स्वतः उत्तर देतं.

मशीनवरचा क्रमही आम्ही बदलला. पहिला आठवडा नवा माणूस एकट्याने सायकल स्टार्ट दाबत नाही. मामांजवळ एक ट्रे आहे, त्यात चांगले आणि बाद हब मिसळलेले. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज घेऊन त्याने ते वेगळे करायचे. मामा एक हब मुद्दाम मशीनमधून गरम काढून मोजायला देतात आणि तोच थंड झाल्यावर पुन्हा. वीस अंशांचा फरक असला तर 25 च्या बोअरला पाच-सहा मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे एच 7 च्या टॉलरन्सचा चौथा हिस्सा. पोरगं मायक्रोमीटर उलटून पाहतं, शून्य तपासतं, पुन्हा मोजतं. एकदा हे स्वतः पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून महिनाभर एक मशीन, एकच पार्ट. लोडिंग, मोजणं, नोंद. ऑफसेट टाकायचा नाही, सेटरला बोलवायचं. नंतर टाकू देतो, पण कंट्रोलमध्ये पॅरामीटरने एका वेळच्या वेअर ऑफसेटला मर्यादा घालून ठेवली आहे, 0.020 पेक्षा जास्त आकडा तो घेतच नाही. एका शून्याने लॉट जाण्याचा प्रश्न तिथेच मिटला. तुमच्या मशीनवर ही सोय असेल तर आजच सेटरकडून करून घ्या. आणि जो मशीन थांबवून हाक मारेल त्याच्यावर ओरडायचं नाही, हा सुपरवायझरसाठी नियम आहे, नव्या पोरासाठी नव्हे. ओरडा बसला की पुढच्या वेळी तो बाद माल मालाच्या बिनच्या खाली लपवतो. बाद मालाच्या लाल डब्यात नव्या माणसाच्या मशीनवरून आठवडाभर एकही पीस आला नाही तर मी खूश होत नाही, बिनखाली वाकून बघतो.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. शिकवणाऱ्याला पीसवर इन्सेंटिव्ह असेल तर तो शिकवणार कशाला? नवा शेजारी उभा राहिला की त्याचे पीस घटतात, म्हणजे शिकवण्याचा दंड त्यालाच. पहिले चार आठवडे आम्ही शिकवणाऱ्याचा इन्सेंटिव्ह त्याच्या मागच्या महिन्यांच्या सरासरीने देतो, पीस कितीही निघोत. यात पैसा जातो. पण एका बिघडलेल्या लॉटचा कच्चा माल, पुन्हा सेटिंग आणि ग्राहकाकडे माणसं पाठवून केलेलं सॉर्टिंग मांडून बघा, मग बोला.

तिसरं ठिकाण रात्रपाळी. दीड महिन्यानंतर दुसरी शिफ्ट, दोन महिन्यांनंतर तिसरी, आणि तीही जोडीदारासोबत. नवी पाळी आणि नवा पार्ट एकाच आठवड्यात कधीच द्यायचा नाही. दोन्ही एकदम अंगावर आले की पहाटेच्या सुमाराला हात चुकतो. रात्री सेटर नसेल तर नव्याला ती मशीन द्यायचीच नाही, बंद राहिली तरी चालेल. डिस्पॅचवाले चिडतात, चिडू द्या.

दर पंधरवड्याला मी स्वतः त्याच्याशी बोलतो, ऑफिसात बोलावून नव्हे, मशीनजवळ. "कसं चाललंय?" विचारलं तर "बरं चाललंय, साहेब" एवढंच मिळतं. म्हणून मी विचारतो, खोलीवर कोण कोण आहे, मेस कुठली, काल किती वेळा मशीन थांबवली, घरी शेवटचं कधी गेला. मेस बदलली, खोली सोडली, सोमवारी खाडा सुरू झाला, ही निघून जायची लक्षणं. राजीनामा कुणी देत नाही आमच्याकडे, पोरं नुसती येईनाशी होतात. नव्वदाव्या दिवशी भिंतीवर कुणाला किती काम येतं त्याचा तक्ता आहे, त्या स्किल मॅट्रिक्समध्ये त्याच्या नावापुढच्या गोलाचा दुसरा पाव मामा स्वतः पेनने भरतात आणि सॉफ्ट जॉ बोअर करायला त्याला जवळ उभा करतात. सेटर व्हायची वाट दिसली की हजार रुपयांसाठी पोरगं हलत नाही.

तो शेडवाला अजून आहे. ठेकेदारही टपरीवर असतो. त्याने शिकवलेला एकही सेटर मला वाळूजमध्ये माहीत नाही, आमचे तीन-चार मोठ्या कंपन्यांत मानाने काम करतात. आमची दोन पोरं त्याच्याकडे जाऊन परत आली, मी घेतली.

या सगळ्यातून न थांबणारेही आहेत. सोयाबीन काढणीला घरी माणूस नसेल तर पोरगं जाणारच. त्याला आधीच विचारून सुट्टी ठरवली तर तो परत येतो, अडवला तर येत नाही. आणि पोलीस भरतीची तयारी करणारे. पहाटे मैदानावर धावून शिफ्टला येतात, पाय दुखत असतात, तरी काम चोख. त्यांना मी थांबवत नाही. रुजू होतानाच भरतीचा फॉर्म भरलाय का विचारतो, खरं सांगितलं म्हणून नोकरी नाकारत नाही, आणि मैदानी चाचणीच्या आठवड्यात त्याच्या मशीनवर बदली माणूस लिहून ठेवतो.