हातात जड, दिसायला हिरवी

"तुम्ही नेहमी ती हिरवीच मोसंबी कशी काय उचलता? आणि गोड निघणार हे आधी कळतं कसं?"

रंग मी सगळ्यात शेवटी बघते. आधी वजन, मग साल, मग देठ, आणि एवढं झाल्यावर वाटलंच तर रंग. काही वर्षं फळांच्या प्रतवारीचं काम केलं, तेव्हा हा क्रम हातात बसला. पट्ट्यावरून फळं सरकत असायची आणि डोळ्यांआधी हात निर्णय घ्यायचा.

नावांचा घोळ आधी मिटवते. आपण जिला मोसंबी म्हणतो, तिला इंग्रजीत सर्रास "स्वीट लाइम" म्हणतात, पण कुळाने ती गोड संत्रंच आहे. माल्टा, वॅलेन्सिया, नेव्हल यांची ती सख्खी बहीण. खरं गोड लिंबू वेगळं, त्यात आंबटपणा जवळजवळ नसतोच. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी, ती म्हणजे साल गराला घट्ट चिकटलेली असते. आपलं नेहमीचं सोलायचं संत्रं सैल सालीचं. त्याच्या साल-फोडींमध्ये हवा असते, म्हणून त्याला वजनाचा नियम तितकासा चोख लागू होत नाही. मी पुढे जे सांगतेय ते घट्ट सालीच्या फळांबद्दल.

आता हिरव्या रंगाबद्दल. सालीचा रंग आणि आतला गर यांची घड्याळं वेगवेगळी चालतात. फुलापासून फळ पिकायला जातीप्रमाणे सात-आठ महिन्यांपासून वर्षभर लागतं, वॅलेन्सियाला त्याहूनही जास्त. या काळात गरात साखर वाढत जाते, आंबटपणा उतरत जातो. हे काम झाडावरच होतं. साल मात्र पिवळी किंवा केशरी व्हायची तर तिच्यातलं हरितद्रव्य मोडावं लागतं, आणि ते मोडायला थंडी लागते. रात्रीचा पारा साधारण 13 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा खाली उतरू लागला की हिरवा रंग ओसरतो आणि पिवळी-केशरी द्रव्यं वर दिसू लागतात. जिथे रात्री उबदार असतात, तिथे गर पिकून गोड होतो आणि साल हिरवीच राहते. झाडाच्या दृष्टीने फळ तयारच असतं, फक्त त्याला रंगायला रात्रीचा गारवा मिळालेला नसतो.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे पिवळं झालेलं फळ परत हिरवं होऊ शकतं. वॅलेन्सिया उशिरा पिकते आणि तिची फळं झाडावर बराच काळ टिकतात. थंडी संपून हवा तापली की सालीत हरितद्रव्य पुन्हा तयार होतं, बहुतेक वेळा देठाच्या बाजूने सुरुवात होते. अशी देठाकडे हिरवट झाक असलेली केशरी फळं कच्ची म्हणून बाजूला टाकली जातात, पण खरं म्हणजे ती ढिगातली सगळ्यात जास्त पिकलेली असू शकतात.

उलट बाजूही आहे. हिरवं फळ बंद खोलीत ठेवून थोडासा इथिलीन वायू सोडला, तर काही दिवसांत साल पिवळी होते. यात बदलते ती साल. गराची गोडी वाढत नाही, कारण केळी-आंब्यासारखी ही फळं तोडल्यावर पिकत नाहीत. तोडताना जेवढी साखर होती, तेवढीच राहते. त्यामुळे "घरी ठेवा, पिवळी झाली की खा" हा सल्ला मोसंबीला लावू नका. पिवळी होईलही, पण जी फिकी होती ती फिकीच राहील. वायूने रंगवलेल्या फळाच्या देठाकडची छोटी चांदणी बहुतेक वेळा तपकिरी पडलेली किंवा गळून गेलेली असते. फळ फार शिळं झाल्यावरही ती गळते, म्हणून हा पक्का पुरावा नाही. पण साल एकसारखी पिवळीधमक आणि चांदणी मात्र वाळकी, असं दिसलं की मी जरा सावध होते. हिरवट फळावर चांदणी ताजी, हिरवीगार असेल तर ते नुकतंच उतरवलेलं असण्याची शक्यता जास्त.

मग कच्चं हिरवं आणि पिकलं हिरवं ओळखायचं कसं? कच्च्याचा हिरवा गडद आणि निस्तेज असतो. साल खडबडीत, तेलाचे बारीक फुगे वर उठलेले, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, आणि अंगठ्याने दाबलं तर अजिबात दबत नाही. फळ भरत जातं तशी साल ताणली जाते. फुगे सपाट होतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, हिरवा उजळून पोपटी होतो आणि त्यावर एक मंद चकाकी येते. कुठेतरी, बऱ्याचदा खालच्या टोकाकडे, पिवळसर छटाही दिसते. मोसंबीच्या अंगावर देठापासून खालपर्यंत उभ्या बारीक रेघा असतात आणि तळाशी एक गोल कडं असतं. त्या रेघा तिच्या जातीचीच खूण आहेत, म्हणून खडबडीतपणा ठरवताना त्या मोजू नका. रेघांच्या मधल्या जागेवर बोट फिरवा.

वारा लागून फांदीशी घासल्याचे तपकिरी ओरखडे मी सोडून देते. ते वरच्या वर असतात. मऊ पडलेला, पाणचट डाग मात्र चालत नाही, विशेषतः बोट टेकलं की साल खाली जात असेल तर.

वजनाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण तिथेच लोक फसतात. "जड घ्या" म्हटलं की मंडळी सगळ्यात मोठं फळ उचलतात. मोठं फळ जड असणारच. बघायचं असतं ते आकाराच्या मानाने वजन. एकदा घरी दोन मोसंबी दोऱ्याने मोजल्या. दोघींचा घेर 24 सेंटीमीटर, म्हणजे साडेसात सेंटीमीटरहून थोडा जास्त व्यास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक भरली 218 ग्रॅम, दुसरी 196. बावीस ग्रॅमचा फरक फार नाही वाटत. दोन्ही आडव्या कापल्या. पहिलीची साल सुमारे 4 मिलिमीटर जाड, दुसरीची 7. आता हा हिशोब बघा. फळ गोल असल्यामुळे बाहेरचा प्रत्येक मिलिमीटर खूप जागा खातो. 4 मिलिमीटरच्या सालीत आतल्या गराला फळाची साधारण 72 टक्के जागा मिळते, 7 मिलिमीटरच्या सालीत फक्त 54 टक्के. नुसत्या तीन मिलिमीटरने गराची चौथाई गेली. आणि सालीचा तो पांढरा भाग स्पंजासारखा, हवेने भरलेला असतो, त्यामुळे ती जागा भरूनही वजन येत नाही. पिळल्यावर पहिलीतून 95 मिलिलिटर रस निघाला, दुसरीतून 65.

दुसरीत आणखी एक गोष्ट होती. देठाकडच्या बाजूला फोडींमधले रसाचे दाणे पांढुरके, टणक आणि कोरडे झाले होते. चावलं तर चिपाडासारखं लागतं. हे फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की होतं, शिवाय मोठ्या आकाराच्या फळांत आणि जोमात वाढणाऱ्या कोवळ्या झाडांवर जास्त दिसतं. बाहेरून अशा फळाचा रंग बहुधा छान असतो. साल देखणी, आत चोथा. डोळ्यांना हे कळणार नाही, हाताला कळतं.

हाताने तोलायची माझी रीत अशी. आधी डोळ्यांनी सारख्या आकाराची दोन फळं निवडायची. एक डाव्या तळव्यावर, एक उजव्या. बोटांनी धरायचं नाही, तळव्यावर नुसतं टेकू द्यायचं आणि हलकेच वर-खाली करायचं. मग हात बदलायचे. बदलल्यावरही तेच फळ जड वाटलं तर ते ठेवायचं आणि त्याच्यासमोर तिसरं उभं करायचं. चार-पाच फळांत हाताला अंदाज येतो, मग जोड्या लावायची गरज राहत नाही. मध्यम आकाराची फळं या परीक्षेत जास्त वेळा जिंकतात, म्हणून सुरुवातच तिथून करावी. भलीमोठी, मानेकडे उंचावलेली, जाड छिद्रांची फळं मी उचलतही नाही.

वजन एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे गोडी. आत रस किती आहे एवढंच त्यातून कळतं. कच्चं फळही रसाने जड असू शकतं, आणि त्याचा रस पिळून थोडा वेळ ठेवला की कडवटपणा वर येतो, कारण कडूपणाचं द्रव्य रसात हळूहळू तयार होतं आणि कोवळ्या फळांत त्याचा कच्चा माल जास्त असतो. तोडणीच्या आधी झाडाला भरपूर पाणी मिळालं असेल तर फळ जड, साल गुळगुळीत, आणि चव मात्र पाणी ओतल्यासारखी. मी अशा मोसंबींची अख्खी पिशवी घरी आणलेली आहे. सगळ्या परीक्षा पास, आणि पिताना तोंड वाकडं.

म्हणून जास्त घ्यायच्या असतील तर एक कापून चाखायची. त्यातही एक मेख आहे. एकाच फळात खालच्या टोकाकडचा भाग देठाकडच्या भागापेक्षा गोड असतो, त्यामुळे तिथली फोड खाल्ली तर माल आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. मी फळ मधोमध कापत नाही, देठापासून एक तृतीयांशावर आडवं कापते आणि देठाकडचाच तुकडा खाते. कोरडे दाणे असतील तर ते तिथेच आधी दिसतात, आणि तो तुकडा गोड लागला तर खालचा त्याहून गोड असतो.